बाबांच्या फोनवरचे चार मेसेज: नावे, जमा, शिल्लक आणि मँडेट

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच विषय सुचवला. घरात म्हातारे आई-बाबा आहेत, बँकेचे मेसेज येतात, ते इंग्रजीत असतात आणि त्यातलं त्यांना काही कळत नाही. मग एकतर ते मेसेज वाचतच नाहीत, नाहीतर प्रत्येक मेसेजला घाबरतात. तर आज त्यावरच बोलू. आणि मी हे माझ्या बाबांच्याच उदाहरणावरून सांगणार आहे, कारण त्यांना समजावताना मी स्वतः बरंच शिकले.

मी चंद्रपूरला राहते. बाबा आमच्या गावी, गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात. वय अडुसष्ट. शाळा चौथीपर्यंत, पण हिशेबाला एकदम पक्के. सोसायटीचं पीककर्ज, खतबियाण्याची उधारी, मजुरांचे रोजगार, सगळं एका लाल कापडी वहीत. गावात मोबाईलची रेंज नाही म्हटलं तरी चालेल. नाक्यापर्यंत आलं की मिळते, नाहीतर मोहाच्या झाडाजवळच्या टेकाडावर.

गोष्ट २६ फेब्रुवारी २०२५ ची, महाशिवरात्रीची. आम्ही एसटीनं मार्कंड्याच्या जत्रेला निघालो होतो. गाडी रेंजमध्ये आली आणि बाबांचा फोन वाजायला लागला. टिंग, टिंग, टिंग. बाबांनी फोन डोळ्यांपासून हातभर लांब धरला, सगळ्यात वरचा मेसेज पाहिला आणि एकदम खूश.

"त्रेचाळीस हजार हायेत वो अजून! कालच दहा काढले, तरी त्रेचाळीस. म्हंजे बोनस आला."

धानाच्या बोनसची तेव्हा सगळेच वाट पाहत होते. आणि खिशात चेकबुक होतं. गडचिरोलीत उतरून बोअरवेलवाल्याला चाळीस हजारांचा चेक द्यायचा, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

मी म्हटलं, "बाबा, थांबा. फोन द्या जरा." फोनवर तीन मेसेज होते. खाते क्रमांक आणि मजकूर थोडा बदलून सांगते. फोनमध्ये वरून खाली असे दिसत होते:

```
A/c XX4471 credited Rs.41400.00
on 24-02-25 NEFT
Avl Bal Rs.43245.00

A/c XX4471 debited Rs.10000.00
on 25-02-25 AEPS
Avl Bal Rs.33245.00

A/c XX4471 credited Rs.2000.00
on 25-02-25 PMKISAN
Avl Bal Rs.32645.00
```

आता यातला एकेक शब्द घेऊ.

नावे आणि जमा

आधी `credited` आणि `debited`. मी बाबांना पहिल्यांदा सांगितलं होतं, "क्रेडिट म्हणजे आले, डेबिट म्हणजे गेले." ते त्यांच्या डोक्यात बसलंच नाही. का बसलं नाही, ते त्यांनीच सांगितलं. "क्रेडिट म्हंजे तं उधारी. किसान क्रेडिट कार्ड म्हंजे कर्जच हाय ना?" बरोबर आहे की! आपल्याकडे क्रेडिट हा शब्द लोकांनी पहिल्यांदा ऐकला तो कर्जाबरोबर. त्यामुळे `credited` वाचलं की म्हाताऱ्या माणसाला वाटतं, आपल्यावर कर्ज चढलं.

मग मी त्यांचं जुनं पासबुक काढलं. त्यात मराठीत छापलेले रकाने होते: नावे, जमा, शिल्लक. बस, तिथेच काम झालं. `debited` म्हणजे नावे. `credited` म्हणजे जमा. `Avl Bal` म्हणजे शिल्लक. सोसायटीच्या सचिवानं "तुमच्या नावे इतके पडले" म्हटलं की काय होतं, ते बाबांना चाळीस वर्षांपासून माहीत आहे. तेव्हा तुमच्या घरी समजावताना इंग्रजी शब्दाचा अर्थ इंग्रजीतून सांगत बसू नका. पासबुक उघडा आणि रकान्यावर बोट ठेवा.

मेसेजमध्ये आकड्याआधी किंवा नंतर एक छोटा शब्द असतो, तो पैसा कुठल्या वाटेनं आला-गेला ते सांगतो. `NEFT` म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पाठवलेला. बाबांचे ४१,४०० हे धानाचे होते. खरेदी केंद्रावर अठरा क्विंटल घातलं होतं आणि त्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये होता. अठरा गुणिले तेवीसशे, बरोबर ४१,४००. `PMKISAN` चे दोन हजार, तो हप्ता २४ फेब्रुवारीला सुटला होता. आणि `AEPS` म्हणजे आधार नंबर आणि अंगठा देऊन बँक मित्राकडून काढलेले पैसे. बाबांनी आदल्या दिवशी बाजारात अंगठा लावून दहा हजार काढले होते, फोन तेव्हा घरी होता. म्हणून तो मेसेज त्यांना त्या वेळी दिसलाच नाही.

वरचा मेसेज शेवटचा असेलच असं नाही

आता मुख्य मुद्दा, आणि आपल्या जंगलभागात हा फार महत्त्वाचा आहे. शहरात मेसेज व्यवहार झाल्याबरोबर येतो. आपल्याकडे फोन रेंजबाहेर असतो. मग मेसेज कंपनीच्या यंत्रणेत थांबून राहतात आणि रेंज आली की एकदम येतात. येताना ते ज्या क्रमानं घडले त्याच क्रमानं येतील, याची काही हमी नाही. बाबांच्या फोनवर सगळ्यात शेवटी आला तो सगळ्यात जुना, २४ तारखेचा. आणि फोन मात्र जो शेवटी आला तो वर दाखवतो.

`Avl Bal` म्हणजे आत्ताची शिल्लक नाही. तो व्यवहार झाला त्या क्षणाची शिल्लक आहे. ४३,२४५ ही दहा हजार काढण्याआधीची. बाबा तिला आजची समजत होते. चाळीस हजारांचा चेक दिला असता तर वटला नसता. बँकेनं दंड लावला असता तो वेगळा, आणि न वटलेल्या चेकवरून कलम १३८ खाली नोटीस येऊ शकते ती वेगळी. बोनस वगैरे काही आला नव्हता.

म्हणून पहिला नियम असा: मेसेज फोनवर कधी आला ते पाहू नका, मेसेजच्या आत लिहिलेली तारीख पाहा. एकाच तारखेचे दोन असतील आणि वेळ लिहिलेली नसेल तर शिल्लक जुळवून क्रम लावायचा.

शिल्लक जुळवायची कशी? एसटीतच लाल वही काढली आणि बाबांच्याच अक्षरात मांडलं. जानेवारीअखेर पासबुक भरून घेतलं होतं, तेव्हा शिल्लक २,१४०. त्यानंतर ६ फेब्रुवारीला २९५ नावे पडल्याचा एक मेसेज जुना पडलेला होता. तो नंतर सांगते. उरले १,८४५. चोवीसला धानाचे ४१,४०० जमा, झाले ४३,२४५. मेसेजशी जुळलं. पंचवीसला दहा हजार नावे, उरले ३३,२४५. जुळलं. मग दोन हजार जमा. व्हायला पाहिजेत ३५,२४५.

बाबा थांबले. मेसेजमध्ये होतं ३२,६४५.

त्यांनी वहीवर पेन ठेवला आणि तोंडी वजाबाकी केली. "सव्वीसशे कमी हायेत. मधात एक मेसेज चुकला." मग जरा वेळानं हळूच म्हणाले, "सव्वीसशे म्हंजे गाडीचा हप्ता."

मी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी स्वतः पकडलं. एक मेसेज आलाच नव्हता. फोन रेंजमध्ये येईपर्यंत मेसेज ठरावीक वेळच थांबतो, नंतर गळून जातो. पण मधला मेसेज गळाला तरी पुढच्या शिल्लकेत त्याची खूण राहते. आधीची शिल्लक, अधिक जमा, वजा नावे, बरोबर पुढची शिल्लक. जुळलं नाही तर जितका फरक, तितक्याचा व्यवहार मध्ये झालेला आहे. तो कुठला, ते पासबुक भरून किंवा मिनी स्टेटमेंट काढून पाहायचं.

एक मर्यादा सांगून ठेवते. काही बँका मेसेजमध्ये शिल्लक देतच नाहीत. तिथे ही युक्ती चालत नाही, पासबुकच लागतं. आणि दुसरं, `Avl Bal` आणि पासबुकातली शिल्लक कधी कधी वेगळी दिसते. `Available` म्हणजे काढता येण्याजोगी. चेक भरला पण अजून वटला नाही, किंवा बँकेनं काही रकमेवर रोक लावली, ज्याला `lien` किंवा `hold` म्हणतात, तर पासबुकात जास्त दिसेल आणि हातात कमी येईल. तेव्हा खर्च ठरवताना छोटा आकडा धरायचा.

मँडेट म्हणजे आधीच दिलेली सही

आता त्या २९५ रुपयांकडे आणि सव्वीसशेकडे. दोन्हींचं मूळ एकच.

बाबांनी नातवासाठी मोटारसायकल फायनान्सवर घेतली. त्या वेळी शोरूममध्ये आठ-दहा सह्या घेतल्या. त्यातली एक सही मँडेटची होती. मँडेट म्हणजे आपण आपल्या बँकेला दिलेली परवानगी: अमुक कंपनीनं दर महिन्याला मागणी पाठवली की माझ्या खात्यातून तिला पैसे द्या, मला दर वेळी विचारू नका. बँकांमधली ही देवाणघेवाण नॅच नावाच्या यंत्रणेतून चालते, ती एनपीसीआय चालवते. म्हणून मेसेजमध्ये `NACH`, `ACH D` किंवा `ACH DR` असं दिसतं. `D` म्हणजे नावे. `ACH C` दिसलं तर घाबरू नका, तो त्याच वाटेनं जमा झालेला पैसा आहे.

मँडेटचे मेसेज तीन वेगवेगळ्या वेळी येतात आणि घोटाळा होतो तो यांची सरमिसळ झाल्यानं.

पहिला, मँडेट नोंदवल्याचा. बाबांना असा आला होता:

```
NACH mandate registered in A/c XX4471
Max Amt Rs.5200.00 Freq MONTHLY
UMRN ...
```

हा पाहून बाबा दोन दिवस जेवले नाहीत नीट. हप्ता सव्वीसशेचा आणि बँक बावन्नशे कापणार, असं वाटलं. तसं नाही. या मेसेजमध्ये `debited` हा शब्दच नाही. `Max Amt` म्हणजे जास्तीत जास्त इतक्यापर्यंत मागता येईल ही मर्यादा. पैसा गेलेला नाही. पण मर्यादा इतकी का ठेवली, हे विचारण्याचा हक्क मात्र आहे, आणि ते सही करताना फॉर्मवर पाहायचं. `UMRN` हा त्या परवानगीचा नंबर. तो वहीत लिहून ठेवा. पुढे बंद करायची वेळ आली की बँकेत हाच विचारतात.

दुसरा, हप्ता येतोय असं सांगणारा. `due on`, `will be debited`. इथेही पैसा गेलेला नाही, जाणार आहे. म्हणजे त्या तारखेच्या आदल्या दिवशी खात्यात तेवढी रक्कम पाहिजे. फोनवरच्या यूपीआय ऑटोपेचं किंवा कार्डावरच्या ऑटोपेचं असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना द्यावी लागते. नॅचच्या हप्त्याची सूचना बहुधा फायनान्सवाले पाठवतात. पण ती आपल्या गावात पोहोचेलच, यावर अवलंबून राहू नका. हप्त्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करून ठेवणं बरं.

तिसरा, प्रत्यक्ष कापल्याचा किंवा परत गेल्याचा. बाबांचा हप्ता ५ फेब्रुवारीला होता. खात्यात होते २,१४०. हप्ता २,६००. चारशे साठ रुपये कमी पडले. बँक अर्धा हप्ता देत नाही. मागणी परत जाते. आणि परत गेल्याबद्दल बँक दंड लावते. दुसऱ्या दिवशी आला तो मेसेज:

```
A/c XX4471 debited Rs.295.00
on 06-02-25 ACH D RTN CHG
Avl Bal Rs.1845.00
```

`RTN` म्हणजे परत, `CHG` म्हणजे आकार. अडीचशे रुपये दंड आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी पंचेचाळीस, झाले २९५. बाबांना वाटत होतं बँकेतल्या कोणीतरी खाल्ले. हप्ता चुकल्याचं त्यांना माहीतच नव्हतं, कारण परत गेल्याचा मेसेज आधी आला होता आणि तो त्यांनी जाहिरात समजून काढून टाकला. फायनान्सवाल्यांनी आपला दंड वेगळा लावला. आणि नंतर त्यांनी तोच हप्ता पुन्हा मागितला, तो पंचवीस तारखेला कापला गेला. तोच आपला गळालेला सव्वीसशेचा मेसेज.

चारशे साठ रुपयांसाठी जवळजवळ तीनशेचा दंड. म्हणून `RTN`, `returned`, `insufficient` हे शब्द बाबांच्या वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिले आहेत. हे दिसले की त्याच दिवशी मला फोन.

आणखी एक. काहींना वाटतं, मँडेट बंद केलं की कटकट संपली. बँकेत अर्ज देऊन नॅच बंद करता येतं, यूपीआय ऑटोपे अ‍ॅपमध्ये जाऊन बंद करता येतं. पण कर्ज बंद होत नाही. हप्ता मग हातानं भरावा लागेल. कर्ज पूर्ण फिटल्यावर मात्र मँडेट बंद झालं की नाही, हे जरूर तपासा.

सगळ्या कापलेल्या पैशांच्या मागे हप्ताच असतो असंही नाही. मे महिन्याच्या अखेरीस पुष्कळ खात्यांतून वीस रुपये जातात. ते प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे, वर्षाचे. पन्नाशीच्या आत फॉर्म भरला असेल तर जीवन ज्योती विम्याचे ४३६ जातात. तेही आपणच कधीतरी दिलेल्या परवानगीनं.

खोटा मेसेज शिल्लकेत पकडला जातो

शेवटचा मुद्दा. जत्रेनंतर आठवडाभरानं बाबांचा फोन आला. "बारा हजार जमा झाल्याचा मेसेज आला. मागून एका पोराचा फोन. म्हणते, काका, चुकून तुमच्या खात्यात गेले, दवाखान्याचे हायेत, परत टाका."

मी विचारायच्या आत बाबा म्हणाले, "पण त्याच्यात शिल्लकच नाही लिहिली."

हे ऐकून मला फार बरं वाटलं, खरं सांगते. ठगाला तुमचा नंबर मिळतो, नाव मिळतं, बँकही मिळते. तुमच्या खात्यात आत्ता किती आहेत हे त्याला माहीत नसतं. तो शिल्लक लिहीत नाही, किंवा अंदाजानं लिहितो. वहीशी जुळत नाही. खोटा `credited` तिथेच उघडा पडतो.

दुसरी खूण पाठवणाऱ्याच्या नावात. बँकेचा मेसेज दहा आकडी मोबाईल नंबरावरून येत नाही. तिथे इंग्रजी अक्षरांचं नाव असतं, आणि मे २०२५ पासून त्याच्या शेवटी एक अक्षर जोडलेलं असतं. `-T` आणि `-S` हे व्यवहाराचे आणि सेवेचे, `-G` सरकारी, `-P` म्हणजे जाहिरात. बाबांना बारा हजारांचा मेसेज दहा आकडी नंबरावरून आला होता. त्यांनी काही परत केलं नाही. खरंच चुकून कोणाचे पैसे आले असतील, तर त्यानं आपल्या बँकेत तक्रार करावी, बँका आपसात पाहून घेतील. आपण हातानं परत पाठवायचे नाहीत.

आणि याच्या उलट, आपण न केलेला `debited` दिसला तर? आधी घरात विचारा, अंगठा कुठे लावला होता का. नसेल तर पासबुकावर छापलेल्या नंबरावर बँकेला कळवा आणि १९३० वर तक्रार करा. मेसेजमध्ये दिलेल्या नंबरावर फोन करू नका. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात असं आहे की चूक तुमची नाही, बँकेचीही नाही, तिसऱ्याच कोणी पैसे काढले आणि बँकेचा मेसेज मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलं, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. ओटीपी किंवा पिन स्वतः सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलंच. म्हणून मेसेज न वाचता पुसून टाकणं महागात पडतं.

बाबांची पद्धत आता अशी आहे. बाजाराच्या दिवशी नाक्यावर गेले की मेसेज येऊ द्यायचे, सगळे आले की वही काढायची. तारीख, नावे, जमा, शिल्लक. जुळलं तर बरोबरची खूण. नाही जुळलं तर तिथूनच मला फोन. कुठलाही मेसेज पुसायचा नाही. बोअरवेलचं काम त्यांनी एप्रिलमध्ये केलं, रोख पैसे देऊन. पाणी दोनशे दहा फुटांवर लागलं.

तर मंडळी, पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा घरातल्यांचं पासबुक आणि फोन शेजारी शेजारी ठेवून बसा, आणि शेवटचे पाच मेसेज त्यांच्याच हातानं वहीत उतरवून घ्या. कुठे अडलं ते मला कळवा, पुढच्या भागात घेऊ. नमस्कार.